मुदत टळल्याचा ई-मेल : धार काढायची, मागणी ठेवायची



दहावीच्या मराठीत आपण मुलांना मागणीपत्र आणि विनंतीपत्र शिकवतो. मायना कुठे, विषय कुठे, शेवटी 'आपला विश्वासू' कसं लिहायचं, हे सगळं सांगतो. पण मोठेपणी ज्या पत्राची सगळ्यात जास्त गरज पडते ते पत्र या दोन्हींच्या मधलं असतं. सोबतच्या माणसाने ठरलेल्या दिवशी काम दिलेलं नाही, ते काम आपल्याला हवंच आहे, आणि उद्याही त्याच्याच शेजारी बसून डबा खायचा आहे. अशा वेळी ई-मेल कसा लिहावा, हे आज एका नमुन्यावरून पाहू.

नमुना शाळेतला घेतला आहे, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. नोकरी करणाऱ्या पालकांनी 'गुण' या शब्दाच्या जागी 'अहवाल' किंवा 'बिल' वाचलं तरी चालेल.

प्रसंग काय आहे?

इयत्ता सातवी ब. प्रथम सत्राचे निकाल तयार होत आहेत. वर्गात ४२ मुलं. सातवीला आकारिक मूल्यमापनाचे ४० आणि संकलित मूल्यमापनाचे ६० असे मिळून १०० गुण, आणि त्यावरून श्रेणी. सगळ्या विषयशिक्षकांनी आपापले गुण शुक्रवार, १० ऑक्टोबरपर्यंत सामायिक शीटमध्ये भरायचे, असं ठरलं होतं. विज्ञानाच्या मॅडमनी संकलितचे गुण भरले, पण आकारिकचा रकाना रिकामाच आहे. आज सोमवार, १३ तारीख. पालकसभा शनिवारी, १८ तारखेला. वर्गशिक्षक वैतागले आहेत आणि मधल्या सुट्टीत त्यांनी हा ई-मेल लिहिला आहे :

> विषय : गुण अजूनही नाहीत!!
>
> मॅडम,
> सातवी ब चे विज्ञानाचे गुण आपण अजूनही दिलेले नाहीत. शुक्रवार ही शेवटची तारीख होती हे आपल्याला माहीतच होते. बाकी सर्वांनी वेळेत दिले. फक्त आपल्यामुळे पूर्ण वर्गाची प्रगतिपत्रके अडली आहेत. प्रत्येक वेळी हेच होते. कृपया ताबडतोब पाठवावेत.
>
> (सीसी : मुख्याध्यापक)

यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं म्हणता येणार नाही. शिवीगाळ नाही, 'आपण' आहे, 'कृपया' आहे. तरीही हा ई-मेल वाचून मॅडम आधी शीट उघडणार नाहीत. आधी उत्तर लिहायला घेतील, आणि त्या उत्तरात गुण नसतील. 'मी संकलितचे कधीच भरले आहेत', 'मागच्या वर्षी तुम्हीच उशीर केला होता', असं काहीतरी असेल. म्हणजे पत्र कडक आहे, पण त्याने काम पुढे सरकत नाही.

नेमकं काय बोचतं?

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषा-अभ्यासकांनी सौजन्याच्या भाषेचा मोठा अभ्यास केला. तो १९७८ साली प्रथम आणि १९८७ साली पुस्तकरूपाने आला. इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्याकडची तमीळ अशा एकमेकींपासून लांबच्या तीन भाषा त्यांनी घेतल्या होत्या. त्यांचं म्हणणं सोप्या शब्दांत असं : प्रत्येक माणसाला दोन गोष्टी जपायच्या असतात. एक म्हणजे आपला मान, म्हणजे लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं. दुसरी म्हणजे आपली मोकळीक, म्हणजे आपण काय आणि कधी करायचं हे दुसऱ्याने लादू नये.

हे दोन धागे वेगळे केले की आपला प्रश्न सुटायला लागतो. 'तुमच्यामुळे अडलं', 'प्रत्येक वेळी हेच होतं' ही वाक्यं मानाला लागतात. 'मंगळवारी तीनपर्यंत गुण हवेत' हे वाक्य मोकळीक कमी करतं. मानाला धक्का लावायची कामाला काहीच गरज नाही. मोकळीक मात्र थोडी कमी करावीच लागेल, कारण मागणी म्हणजेच ती.

म्हणून पत्र सौम्य करायचं तर सौम्यपणा पहिल्या जागी ओतायचा, दुसऱ्या जागी नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. टोमणा तसाच ठेवतात आणि तारीख ढिली करतात.

वाक्य न् वाक्य तपासू

पहिलं वाक्य, 'आपण अजूनही दिलेले नाहीत'. इथे कर्ता मॅडम आहेत. त्याऐवजी 'आकारिक गुणांचा रकाना शीटमध्ये अजून रिकामा दिसतो आहे' असं लिहिलं तर कर्ता रकाना होतो. मराठीत हे सहज जमतं : 'तुम्ही दिलं नाही' ऐवजी 'माझ्याकडे आलेलं नाही'. ही नुसती भाषेची कसरत समजू नका, कारण वर्गशिक्षकांना खात्रीने एवढंच माहीत आहे. कदाचित मॅडमनी गुण चुकून सातवी अ च्या शीटमध्ये भरले असतील किंवा कागदावर लिहून कार्यालयात दिले असतील. 'रिकामा दिसतो' म्हटलं तर त्या 'अहो, मी तर भरले होते' असं मोकळेपणाने सांगू शकतात. 'आपण दिले नाहीत' म्हटलं आणि त्यांनी खरंच दिलेले निघाले, तर तोंड आपलं पडतं.

दुसरं वाक्य, 'हे आपल्याला माहीतच होते'. यातला सगळा विखार 'च' मध्ये आहे. मराठीतला 'च' फार लहान पण फार बोलका शब्द. 'माहीत होते' ही माहिती आहे, 'माहीतच होते' हा आरोप आहे. 'फक्त', 'तरीही', 'परत एकदा', 'निदान आता तरी' हे त्याचे भाऊबंद. पत्र लिहून झालं की हे शब्द शोधून काढून टाकावेत. वाक्याचा अर्थ तोच राहतो, धार जाते. मुळात जुनी तारीख सांगायची गरज आहे का? आहे, पण एकदाच आणि साध्या शब्दांत : 'हे गुण शुक्रवारपर्यंत भरायचे ठरले होते.' ही तारीख अजिबात गाळू नये. ती गाळली तर मागणी आजच नव्याने उपटल्यासारखी वाटते.

तिसरं वाक्य, 'बाकी सर्वांनी वेळेत दिले'. वर्गात आपण 'शेजारच्याने बघ कसं केलं' म्हणतो, तेव्हा मूल गणित सोडवायला घेत नाही, शेजाऱ्याकडे रागाने बघतं. मोठ्यांचंही तेच. पण या वाक्यात कामाची एक माहिती दडलेली आहे : बाकी सगळं तयार आहे, एवढंच राहिलं आहे. ती ठेवायची आणि माणसांच्या जागी विषय घालायचे. 'बाकी विषयांचे रकाने पूर्ण झाले आहेत, विज्ञानाचे आकारिक गुण आले की बेरीज करता येईल.' मॅडमना कळतं की आपल्या कामावर पुढचं काम थांबलं आहे, पण कोणाच्या रांगेत उभं केल्यासारखं वाटत नाही.

चौथं वाक्य, 'फक्त आपल्यामुळे अडली आहेत', यातला दोष काढला की कारण उरतं, आणि कारण तर हवंच. ते जितकं नेमकं तितकं चांगलं. 'प्रगतिपत्रकं अडली आहेत' हे मोघम आहे. खरा हिशेब असा : शनिवारी पालकसभा, म्हणून शुक्रवारी मुख्याध्यापकांच्या सह्या. ४२ प्रगतिपत्रकं लिहायला बुधवार आणि गुरुवार असे दोन दिवस लागणार. म्हणून गुण मंगळवारी हवेत. मंगळवार ही तारीख कुठून आली हे असं दाखवलं, की ती वर्गशिक्षकांची लहर वाटत नाही. मागणीला बळ द्यायला चढ्या आवाजापेक्षा हा हिशेब जास्त उपयोगी पडतो.

पाचवं वाक्य, 'प्रत्येक वेळी हेच होते', हे सरळ काढून टाकायचं. ते खरं असलं तरीही. या ई-मेलचं काम आजचे ४२ गुण मिळवणं हे आहे. नेहमीच्या उशिराचा विषय वेगळा आहे, तो सत्र संपल्यावर समोरासमोर बसून काढावा. दोन्ही एका पत्रात घातले की मॅडम जुन्या विषयावर वाद घालतात आणि गुण तसेच राहतात.

'कृपया' आणि 'आपण' यांच्यावर भिस्त नको

शेवटचं वाक्य 'कृपया ताबडतोब पाठवावेत'. व्याकरणाच्या दृष्टीने हे पुरेसं सभ्य आहे. 'पाठवा' हे आज्ञार्थी, तर 'पाठवावेत' हे विध्यर्थी, म्हणजे एक पायरी मऊ. पण आपल्याकडच्या पाट्या आठवा. 'कृपया चपला बाहेर काढाव्यात', 'कृपया दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये'. सगळं विध्यर्थी, सगळीकडे 'कृपया', आणि तरी पाटी वाचून कोणाला माया वाटत नाही. कारण पाटीला समोरचा माणूस माहीत नसतो. ओळखीच्या माणसाला पाटीच्या भाषेत लिहिलं की ते वाक्य सभ्य असूनही परकं लागतं.

'आपण'चं असंच आहे. स्टाफरूममध्ये रोज 'मॅडम, तुम्ही चहा घेतला का?' असं बोलणारा माणूस ई-मेलमध्ये अचानक 'आपल्याला', 'आपण' असं लिहू लागला, तर तो आदर वाटत नाही, अंतर वाटतं. रागावल्यावर घरातसुद्धा आपण 'या, बसा, आपली वाटच पाहत होतो' म्हणतोच की! म्हणून रोज जे सर्वनाम वापरता तेच लिहा. मुख्याध्यापकांना नेहमी 'आपण' म्हणत असाल तर 'आपण', सहकाऱ्याला 'तुम्ही' म्हणत असाल तर 'तुम्ही'.

बोलताना आपल्याकडे मऊपणाची आणखी साधनं असतात. 'अहो मॅडम, तेवढं जरा विज्ञानाचं बघा ना' यातला 'जरा', 'ना', चेहऱ्यावरचं हसू, हे सगळं मिळून वाक्य गोड होतं. हेच कागदावर उतरवलं तर 'जरा' उपरोधिक वाटू शकतो : 'जरा वेळ पाळा'. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपण गंभीरपणे बोलतोय की उपरोधाने, हे ई-मेलवरूनही आवाजाइतकंच कळेल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना ते बरंच कमी कळलं. लिहिताना आपला आवाज आपल्या कानात वाजत असतो, वाचणाऱ्याच्या कानात तो नसतो. म्हणून लेखी सौम्यपणा स्वरावर टाकून चालत नाही, तो मजकुरातच असावा लागतो.

सीसीचंही तसंच. पहिल्याच ई-मेलला मुख्याध्यापकांना सीसी करणं म्हणजे सहकाऱ्याशी बोलता बोलता साहेबांना खोलीत बोलावणं. मजकूर कितीही गोड केला, तरी सीसीची एक ओळ तो सगळा धुऊन टाकते. पहिल्या पत्रात ती नको.

आता दुसरं टोक

वरचं सगळं पटलं, की काही जण पत्र असं लिहितात :

> विषय : एक छोटीशी विनंती
>
> नमस्कार मॅडम,
> कशा आहात? त्रास देतोय, त्याबद्दल क्षमस्व. तुम्ही परीक्षेच्या गडबडीत असाल याची कल्पना आहे. जमल्यास, सवडीने विज्ञानाच्या गुणांचं तेवढं बघता आलं तर बरं होईल. घाई अजिबात नाही. तुमच्या सहकार्याबद्दल मनापासून आभार!

हे पत्र वाचून कोणी रागावणार नाही आणि कोणी काही करणारही नाही. मागणी कुठे कुठे गळली ते पाहा.

सगळ्यात मोठी गळती क्रियापदात आहे. हवे आहेत ते गुण *भरून*, पण विनंती आहे *बघण्याची*. मॅडम शीट उघडून 'हो, राहिलंय खरं' असं मनात म्हणाल्या तरी विनंती पुरी झाली! मराठीत 'बघा', 'पाहा', 'लक्ष घाला' ही क्रियापदं फार सोयीची आहेत, कारण ती काम न सांगता कामाकडे बोट दाखवतात. मुदतीच्या पत्रात ती टाळावीत. शेवटी जी कृती व्हायला हवी तिचंच क्रियापद लिहावं : भरा, पाठवा, सही करा.

दुसरी गळती 'जमल्यास' आणि 'सवडीने' या शब्दांत. 'जमल्यास' ही अट आहे. न जमल्यास काय, याचं उत्तर पत्रात नाही, म्हणून ते उत्तर 'मग राहू दे' असं गृहीत धरलं जातं. तिसरी गळती तारखेत : पत्रात तारीखच नाही. 'लवकरात लवकर' लिहिलं असतं तरी फरक पडला नसता, कारण तुमचं 'लवकर' उद्याचं असतं आणि त्यांचं या आठवड्यातलं. चौथी गळती म्हणजे 'घाई अजिबात नाही'. घाई आहे. हे सरळ खोटं आहे, आणि दोन दिवसांनी चढ्या आवाजात आठवण केली की मॅडम म्हणणार, 'तुम्हीच म्हणालात ना घाई नाही?'

एक गोष्ट माफीबद्दल. आठवण करून देणं हा गुन्हा नाही. 'त्रास देतोय, क्षमस्व' म्हटलं की आपणच कबूल करतो की मागणी रास्त नाही. आणि 'तुम्ही गडबडीत असाल' असं म्हणून त्यांच्यातर्फे सबबही आपणच देऊन टाकतो. काय अडलं आहे ते आपल्याला माहीत नाही, तर ते विचारावं, ठरवू नये.

मग नेमकं क्रियापद कोणतं?

मराठीत एकाच मागणीची शिडी अशी लावता येईल : 'भरा', 'भरावेत', 'भराल का?', 'भरता येतील का?', 'भरता आले तर बघा'. वरून खाली येताना वाक्य मऊ होत जातं. पहिल्या चार पायऱ्यांवर मागणी शाबूत आहे, पाचव्या पायरीवर ती निसटते.

'भराल का?' हे प्रश्नासारखं दिसतं, पण ऐकणाऱ्याला ती विनंतीच वाटते. बरोबरीच्या सहकाऱ्यासाठी ही पायरी छान. 'भरता येतील का?' यात 'नाही' म्हणायला वाट ठेवलेली आहे. तुम्हाला खरोखर ती वाट द्यायची असेल, म्हणजे 'उद्या नाही, परवा सकाळी देते' हे उत्तर चालणार असेल, तरच ती वापरावी. चालणार नसेल तर प्रश्न विचारू नये, 'भराल का' वर थांबावं. वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीला 'भरावेत, ही विनंती' असं लिहिणं रूढ आहे आणि तेही चालतं, मात्र सोबत कारण हवं. कारणाशिवाय ते पुन्हा पाटीसारखं होतं.

पायरी कोणतीही घ्या, तिच्यासोबत वार आणि वेळ असली पाहिजे. 'मंगळवारी दुपारी ३ पर्यंत भराल का?' यात क्रियापद मऊ आहे आणि वेळ पक्की आहे. सौम्यपणा आणि ठामपणा एकाच वाक्यात असे नांदू शकतात, कारण ते वाक्याच्या वेगवेगळ्या जागी बसतात.

सुधारलेला ई-मेल

> विषय : सातवी ब, विज्ञानाचे आकारिक गुण : मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपारी ३ पर्यंत
>
> नमस्कार मॅडम,
>
> सातवी ब चे विज्ञानाचे संकलितचे गुण मिळाले, धन्यवाद. आकारिक गुणांचा (४० पैकी) रकाना शीटमध्ये अजून रिकामा दिसतो आहे. हे गुण शुक्रवारपर्यंत भरायचे ठरले होते.
>
> मंगळवारी दुपारी ३ पर्यंत ते भराल का? शनिवारी पालकसभा आहे आणि शुक्रवारी मुख्याध्यापकांच्या सह्या घ्यायच्या आहेत. त्याआधी ४२ प्रगतिपत्रकं लिहायला मला बुधवार आणि गुरुवार लागतील.
>
> गुण दुसऱ्या शीटमध्ये भरले असतील किंवा काही अडलं असेल तर आज शाळा सुटण्याआधी सांगा, आपण मार्ग काढू. शीटची लिंक खाली पुन्हा दिली आहे.

पहिल्या पत्रात मागणी होती 'ताबडतोब पाठवावेत'. इथे कोणते गुण, किती पैकी, कुठे भरायचे, कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, आणि तेव्हाच का, हे सगळं आहे. म्हणजे सुधारलेलं पत्र सौम्य आहे आणि मागणी मात्र आधीपेक्षा पक्की आहे.

सुरुवातीचं 'धन्यवाद' हे तोंडदेखलं नाही. संकलितचे गुण खरंच मिळाले होते, आणि ते सांगितल्यामुळे काम किती उरलं आहे हेही कळलं. मिळालेलं काहीच नसतं, तर तिथे आभार घालू नयेत. न झालेल्या कामाचे आगाऊ आभार चिमटा काढल्यासारखे लागतात.

'काही अडलं असेल तर सांगा' यालाही वेळ दिली आहे, 'आज शाळा सुटण्याआधी'. ती नसती तर अडचण मंगळवारी तीन वाजताच कळली असती.

पाठवण्याआधी एक छोटी चाचणी घ्यावी. पत्र दुसऱ्या कोणाला वाचायला द्या आणि दोनच गोष्टी विचारा : 'यात कोणी, काय, कधीपर्यंत करायचं आहे?' आणि 'हे तुला आलं असतं तर काय वाटलं असतं?' पहिल्याचं उत्तर अडखळत आलं तर मागणी ढिली आहे. दुसऱ्यावर समोरच्याचा चेहरा बदलला तर धार अजून शिल्लक आहे. जवळ कोणी नसेल तर मोठ्याने वाचा, पण आपल्या आवाजात नको, ज्यांच्याशी आपलं फारसं पटत नाही अशा माणसाच्या आवाजात वाचा. 'च' आणि 'फक्त' लगेच कानाला लागतात.

उत्तर आल्यावर

बऱ्याचदा उत्तर येतं, 'हो सर, करते लवकर.' इथे पुष्कळ जण थांबतात आणि मागणी पुन्हा ढिली होते, कारण आता 'मंगळवार ३' च्या जागी 'लवकर' आलं. राग न धरता एका ओळीत वेळ परत आणावी : 'धन्यवाद मॅडम. मग मंगळवारी तीन वाजता मी शीट उघडून गुण उतरवायला घेतो.' यात त्यांना पुन्हा काही सांगितलेलं नाही, आपण काय करणार तेवढंच सांगितलं आहे. पण वेळ पक्की झाली.

उत्तर 'बुधवारशिवाय जमणार नाही' असं आलं, तर हिशेब पुन्हा मांडा. प्रगतिपत्रकं हजेरी क्रमांकानेच लिहायची आहेत. मग १ ते २१ चे गुण मंगळवारी आणि २२ ते ४२ चे बुधवारी सकाळी आले तरी काम थांबत नाही. अशी सूट जरूर द्यावी. मात्र ती काम कसं विभागता येईल हे पाहून दिलेली असावी, 'बरं, बघा कसं जमतं ते' अशी नको.

मंगळवारचे तीन वाजले, ना गुण ना उत्तर. आता दुसरा ई-मेल लगेच लिहू नका. आधी प्रत्यक्ष भेटा किंवा फोन करा, कारण पहिला ई-मेल वाचलाच नसेल हीही शक्यता आहे. त्यातूनही काही झालं नाही तर दुसरं पत्र लिहावं, आणि त्यात पुढचं पाऊल स्पष्ट असावं : 'बुधवारी सकाळी १० पर्यंत गुण आले नाहीत, तर विज्ञानाचा रकाना मोकळा ठेवून बाकी प्रगतिपत्रकं पूर्ण करण्याची परवानगी मी मुख्याध्यापकांकडे मागेन. हे तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहितो आहे.' ही धमकी नव्हे. धमकीत समोरच्याचं काय होईल ते सांगितलेलं असतं, इथे कामाचं काय करावं लागेल ते सांगितलं आहे. आणि मुख्याध्यापकांचं नाव मागच्या दाराने सीसीत न घालता उघडपणे घेतलं आहे.

कधी सौम्य करू नये

काही पत्रांत सौम्यपणाला वेळच नसतो. उद्या सकाळी सहल निघणार आहे आणि मुलांच्या औषधांची, ॲलर्जीची यादी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती दिलेली नाही. तिथे 'भराल का?' नको आणि ई-मेलही नको. फोन उचलायचा आणि सांगायचं, 'यादी आज सहा वाजेपर्यंत हवी, त्याशिवाय बस निघणार नाही.' मानाला धक्का तिथेही लावायचा नाही, पण मोकळीक शून्य.

वर्गात घ्यायचं असेल तर

नववी-दहावीत एक तास पुरतो. फळ्यावर वरचं पहिलं पत्र लिहा. मुलांना दोन रंगांनी खुणा करायला सांगा : मानाला लागणाऱ्या शब्दांना लाल, आणि मागणी सांगणाऱ्या शब्दांना हिरवी. मग अट घाला : लाल सगळं पुसायचं, हिरव्याला हात लावायचा नाही, हवं तर त्यात भर घालायची. मुलांच्या लक्षात येतं, की या पत्रात हिरवं फार थोडं होतं. एवढं रागावून लिहिलेल्या पत्रात मागणीचे शब्द जेमतेम एका ओळीचे निघतात.

त्यानंतर मुलांना त्यांचा विषय द्या : गटप्रकल्पात मित्राने त्याचा भाग वेळेत दिलेला नाही, त्याला लिहा. पालकांनी घरी हाच खेळ कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या निरोपांवर खेळून पाहावा. वीजबिल भरायची आठवण आपण एकमेकांना कोणत्या शब्दांत करतो, त्यातलं लाल किती आणि हिरवं किती, ते मुलं आपल्यापेक्षा लवकर सांगतात.